पहिल्या भेटीचा प्रसंग: न बोललेल्या गोष्टींतून ओढ कशी दाखवावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कथा-कादंबरीत दोन प्रौढ व्यक्ती पहिल्यांदा भेटतात आणि त्यांच्यात काहीतरी जुळते आहे हे वाचकाला त्यांच्या टाळाटाळीतून कळावे, असा प्रसंग लिहू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी चव्वेचाळीस वर्षांची शुभदा घरातले जुने लोखंडी कपाट विकायला काढते आणि सत्तेचाळीस वर्षांचा मिलिंद ते पाहायला येतो. शुभदाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला आहे. मिलिंद बायकोपासून वेगळा झाला आहे आणि त्याने नुकतीच भाड्याची खोली घेतली आहे. एवढे आपल्याला, म्हणजे लिहिणाऱ्याला, ठाऊक आहे. त्या दोघांना एकमेकांविषयी यातले काहीच माहीत नाही.

दोघे अनोळखी असतील, तर त्यांच्याकडे एकमेकांपासून टाळण्यासारखे असते तरी काय?

या प्रसंगात न बोललेल्या गोष्टींचे दोन थर असतात आणि बहुतेक मसुदे फसतात ते हे दोन थर एकच समजल्यामुळे. पहिला थर जुना आहे: माणूस दारातून आत येतानाच जे सोबत घेऊन येतो ते. शुभदाला नवऱ्याचा विषय नको आहे, मिलिंदला ‘कोण कोण असतं घरी’ हा प्रश्न नको आहे. हे दोघे एकमेकांना भेटले नसते, तरी त्यांनी या गोष्टी टाळल्याच असत्या. म्हणून केवळ या थरातून ओढ निर्माण होत नाही, दुःख किंवा संकोच तेवढा दिसतो. दोन दुःखी माणसे एका खोलीत गप्प बसली, म्हणजे त्यांच्यात काही जुळले असे होत नाही.

दुसरा थर त्याच खोलीत, त्या अर्ध्या तासात तयार होतो. काम संपले आहे आणि तरीही निघावेसे वाटत नाही, हे मिलिंद बोलत नाही. त्याने निघू नये असे आपल्याला वाटते आहे, हे शुभदा बोलत नाही. वाचकाला हवा असतो तो हा थर. पण तो अचानक उगवला तर खोटा वाटतो. माझ्या मते तो पहिल्या थरातूनच यायला हवा: एकाची जुनी जखम दुसऱ्याच्या लक्षात येते, तो तिच्याविषयी विचारत नाही, उलट समोरच्याला सावरायला सवड देतो आणि ती सवड मुद्दाम दिली आहे हे पहिल्याला कळते. या क्षणानंतर दोघांमध्ये एक गोष्ट सामाईक झालेली असते आणि तीही न बोललेलीच असते. सगळा प्रसंग या एका देवघेवीसाठी रचावा.

भेटीचे निमित्त कसे निवडावे?

निमित्ताला स्वतःचे काम हवे. ते काम खरोखर करावे लागणारे, दहा-पंधरा मिनिटांत संपू शकणारे आणि टाळलेल्या विषयाच्या अगदी जवळून जाणारे असावे. लग्नाच्या मांडवात किंवा रेल्वेच्या डब्यात दोन माणसे शेजारी बसली, तर त्यांना करायला काहीच नसते. मग ती बोलू लागतात आणि बोलता बोलता लेखकाला त्यांच्याकडून सगळे वदवून घेण्याचा मोह होतो.

कपाटाचे काम मी निवडले ते याच कारणासाठी. ते मोजावे लागते, उघडून दाखवावे लागते, त्याचा भाव ठरवावा लागतो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ते खाली कसे न्यायचे, हेही बोलावे लागते. यांतला प्रत्येक टप्पा साधा व्यवहार आहे, तरी प्रत्येक टप्प्यावर नको असलेला प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. कपाट का विकता? तुम्हाला एकट्याला एवढे मोठे कशाला? आत अजून काय आहे? हे प्रश्न व्यवहारात इतके स्वाभाविक आहेत की ते कोणी विचारले नाहीत, तर ते न विचारणेच वाचकाच्या नजरेत भरते. निमित्ताची पारख याच कसोटीवर करावी: एखादा प्रश्न साहजिकपणे विचारला गेला असता अशी जागा त्यात आहे का? ती नसेल, तर पात्राने काही टाळले हे वाचकाला कळणारच नाही.

प्रत्यक्ष प्रसंग लिहून दाखवता येईल का?

आधी हाताशी सहज येणारा मसुदा पाहू.

“तुम्ही एकटेच राहता?” शुभदाने विचारलं.
“हो. आम्ही वेगळे झालो. आणि तुम्ही?”
“माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले.”
दोघंही क्षणभर गप्प झाले. त्याच्या डोळ्यांत तिला आपल्यासारखंच एकाकीपण दिसलं.

यात चार ओळींत सगळी पुंजी खर्च झाली आहे. जे प्रकरणभर पुरले असते ते माहितीच्या रूपात देऊन टाकले आणि मग शेवटच्या वाक्याने वाचकाला काय वाटायला हवे ते सांगून टाकले. कपाटाला तर कोणी हातही लावला नाही. आता तोच प्रसंग कामाच्या आधाराने लिहू.

मिलिंदने टेप उलगडली. “साडेसहा फूट. खोलीत बसेल.”
“खोलीत?”
“म्हणजे, घर लहान आहे.” त्याने रुंदी घेतली. “तीन फूट. जिन्यातून निघेल ना?”
“वर आणताना चौघं लागले होते. वळणावर आडवं करावं लागलं.”
“तुम्ही होतात तेव्हा?”
“मी खालून सांगत होते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. कोणी ऐकत नव्हतं.”
तो हसला आणि त्याने डावं दार उघडलं. आतल्या दांडीला एक पुरुषी पट्टा लटकत होता, तपकिरी, मधल्या भोकापाशी झिजलेला. शुभदाने हात पुढे केला, पण तोवर त्याने दार लोटून दिलं होतं.
“उंची पुन्हा एकदा घेतो,” तो म्हणाला. “मघाशी टेप तिरकी धरली होती बहुतेक.”
टेप तिरकी नव्हती. तो पलीकडच्या बाजूला गेला तेवढ्यात शुभदाने दार उघडून पट्टा काढला आणि खुर्चीवरच्या घड्या न केलेल्या कपड्यांखाली सरकवला.
“साडेसहाच,” तो म्हणाला.
“दोन्ही बाजू लागतील ना तुम्हाला?”
“एक पुरेल.” मग थोडं थांबून, “दुसरीत पुस्तकं ठेवीन.”
“पुस्तकांनी फळ्या वाकतात.”
“मग तुम्हीच सांगा काय ठेवायचं ते.”
शुभदाने किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि लॉकरची किल्ली शोधू लागली. जुडग्यात तीनच किल्ल्या होत्या.

येथे घटस्फोट, मृत्यू, एकटेपणा यांपैकी एकही शब्द आलेला नाही. मिलिंदच्या तोंडून ‘खोली’ हा शब्द निसटतो आणि तो लगेच ‘घर’ म्हणतो. पुढे ‘एक पुरेल’ हे त्याचे उत्तर त्या निसटलेल्या शब्दाला जोडून वाचले की वाचकाला त्याची परिस्थिती कळते. शुभदा कपाट आणल्याच्या दिवसाची आठवण सांगते, पण ते कोणाबरोबर आणले हे सांगत नाही. मराठी वाक्यरचना तिला ही पळवाट देते, कारण ‘चौघं लागले होते’, ‘आडवं करावं लागलं’ या वाक्यांत नवऱ्याचे नाव घ्यावेच लागत नाही. पट्ट्याचा प्रसंग हा मघाशी सांगितलेल्या देवघेवीचा क्षण आहे. मिलिंदने पाहिले, विचारले नाही, पाठ वळवण्यासाठी एक लंगडे कारण काढले आणि ते कारण लंगडे आहे हे शुभदाला समजले. त्यानंतरच ती ‘दोन्ही बाजू लागतील ना’ असे विचारते. हा तिचा पहिला धाडसी प्रश्न आहे आणि तोही कपाटाविषयीच आहे.

‘टेप तिरकी नव्हती’ या वाक्याबद्दल मी बराच विचार केला. ते काढले तर प्रसंग अधिक मोकळा होतो, परंतु घाईने वाचणारा वाचक मिलिंदचे म्हणणे खरे धरून पुढे जाण्याचा धोका राहतो. एका प्रसंगात असे एक वाक्य असावे, जे समजावून न सांगता फक्त वस्तुस्थिती नोंदवते. दुसरे आले की लेखक वाचकाचे बोट धरून चालू लागतो.

दोघे एकमेकांना काय म्हणून हाक मारतील?

मराठीत हा प्रश्न गौण नाही. अनोळखी बाईला ‘ताई’ म्हणणे आणि अनोळखी पुरुषाला ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणणे ही रोजच्या व्यवहाराची रीत आहे आणि त्या हाकेबरोबर नात्याची एक मर्यादाही घातली जाते. मिलिंद दारात उभा राहून “ताई, कपाट बघायला आलोय,” असे म्हणाला, तर ते पूर्णपणे स्वाभाविक आहे. पण एकदा ‘ताई’ म्हटल्यावर पुढच्या अर्ध्या तासात तो ते पुन्हा कधी म्हणतो आणि कधी गाळतो, याचा हिशेब लेखकाने ठेवायला हवा. पहिल्या दोन वाक्यांत ‘ताई’ आले आणि पट्टा दिसल्यानंतर ते गळून पडले, त्या जागी कोणतीच हाक आली नाही, तर मराठी वाचक ती पोकळी ऐकतो. उलट दिशेनेही हे साधन वापरता येते. स्वतःच्याच मनाची भीती वाटून एखादी व्यक्ती निघताना मुद्दाम ‘दादा’ म्हणू शकते आणि तो शब्द तिथे ढालीसारखा वापरला आहे हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

‘तुम्ही’ मात्र सोडू नये. पहिल्याच भेटीत चाळिशीतली दोन माणसे ‘तू’वर आली, तर ती ओढ न वाटता उतावीळपणा वाटतो, शिवाय ‘तुम्ही’मधले अंतर हेच या प्रसंगाचे भांडवल आहे. त्यापेक्षा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातल्या फरकाकडे लक्ष द्यावे. विधवा किंवा वेगळी झालेली व्यक्ती सवयीने ‘आम्ही’ म्हणते आणि मध्येच अडखळते: “आम्ही... मी इथेच ठेवते किल्ल्या.” एवढ्या अडखळण्यातून जुना थर दिसतो. पुढे कपाट हलवण्याची चर्चा करताना “आपण आधी वरच्या फळ्या काढून घेऊ,” असे मिलिंदच्या तोंडून सहज निघाले, तर दोन अनोळखी माणसे व्याकरणाने एका बाजूला आली. शुभदाने त्यावर काही बोलू नये. तिने फक्त “हो, काढू या,” असे म्हणावे. हे एका प्रसंगात एकदाच करता येते.

डोळे, धडधड, स्पर्श यांचे वर्णन किती असावे?

फार थोडे. नजरानजर झाली, काळजाचा ठोका चुकला, बोटांना बोटे लागली, ही वाक्ये कोणत्याही दोन पात्रांना लागू पडतात, म्हणून ती या दोघांविषयी काहीच सांगत नाहीत. शरीर दाखवायचेच असेल, तर ते कामात गुंतलेले दाखवावे: टेपचे दुसरे टोक धरायला शुभदा पुढे येते, टेप गुंडाळली जाऊन टोक तिच्या हातातून सुटेपर्यंत ती तिथेच उभी राहते.

निवेदन कोणाच्या बाजूने करावे?

एकाच बाजूने. दोघांची मने वाचकाला उघडी केली, तर न बोललेले असे काही उरतच नाही. ज्याचा जुना थर अधिक जड आहे त्याची बाजू घ्यावी, असे मी सुचवीन. आपल्या उदाहरणात ती शुभदाची आहे. वाचकाला तिचे मौन आतून माहीत असते आणि मिलिंदचे मौन तिच्याबरोबरच ताडावे लागते. मात्र शुभदाच्या मनातही ओढीचे नाव घेऊ नये. तिने पट्टा लपवला हे लिहावे. तो का लपवला, याचे तिने स्वतःला दिलेले उत्तर लिहू नये. स्वतःपुरते मान्य करण्याआधीच माणूस अनेक गोष्टी करून बसतो आणि पहिल्या भेटीत तर हे हमखास घडते.

भेट लग्न ठरवण्यासाठीच असेल, तर टाळण्यासारखे काय उरते?

पुनर्विवाहासाठी वधू-वर मंडळातून जुळवलेल्या भेटीत नेमके उलट होते. तेथे नेहमी झाकलेले प्रश्न उघडपणे विचारले जातात: पहिले लग्न का मोडले, मुले कोणाकडे आहेत, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, पगार किती. जुना थर परिचयपत्रातच छापलेला असतो. म्हणून अशा प्रसंगात टाळायची गोष्ट एकच उरते, ती म्हणजे समोरची व्यक्ती आवडली आहे ही. कारण आवड कबूल केली, तर नकार आल्यावर लाज वाटेल. अशी दोन माणसे मुद्दाम व्यावहारिक होतात आणि ओढ वाढते तसे त्यांचे बोलणे अधिकच हिशेबी होत जाते. एखादी स्त्री आपल्या आईचे पथ्यपाणी, सकाळची घाई, स्वतःचा तापटपणा अशा अडचणींची यादी सांगू लागते आणि तो प्रत्येक अडचणीवर “चालेल” म्हणत जातो. मग ती सगळ्यांत लहान आणि अगदी निरर्थक अडचण सांगते, “मला चहात आलं चालत नाही,” आणि तिला स्वतःलाच जाणवते की अडचणी संपल्या आहेत. कांदेपोह्यांचा प्रसंग लिहिणाऱ्यांनी बशी आणि लाजणे यांवर वेळ घालवण्यापेक्षा या यादीकडे पाहावे.

टाळणे आणि नकार यांतला फरक वाचकाला कसा कळेल?

हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा, कारण बाईचे गप्प बसणे म्हणजे होकार, असे मानणारे लिखाण आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. फरक कृतीत दिसतो. ज्याला नको आहे तो संभाषण लहान करतो: एका शब्दात उत्तर देतो, विषय व्यवहारावर परत आणतो आणि तो व्यवहार संपवू पाहतो. ज्याला हवे आहे पण बोलायचे नाही, तोही विषय व्यवहारावरच आणतो, परंतु तो व्यवहार लांबवतो. शुभदा “फळ्या वाकतात” म्हणते तेव्हा ती स्वतःच्याच विक्रीच्या आड येते, म्हणजे ती घाईत नाही. तिने “हो, ठेवा पुस्तकं, भाव ठरवू या का?” असे म्हटले असते, तर मिलिंदने तेथेच थांबायला हवे होते आणि लेखकानेही.

जागेची मांडणीही यात बोलते. घर तिचे आहे आणि आलेला माणूस अनोळखी आहे. म्हणून बाहेरचे दार उघडे असावे, शेजारच्या घरातला वावर ऐकू यावा आणि मिलिंदने खोलीत शिरण्याआधी तिने “या” म्हणण्याची वाट पाहावी. दोघांनाही केव्हाही निघता येत असेल, तरच न निघण्याला अर्थ येतो. मिलिंदने विचारले नाही यातही फरक करावा लागतो: त्याने पाहून दार लोटले म्हणून ते सौजन्य ठरले. त्याने पट्टा हातात घेऊन तो निरखला असता आणि मग काही न विचारता ठेवून दिला असता, तर त्याच मौनाची शुभदाला भीती वाटली असती.

मसुदा जमला आहे की नाही हे कसे ओळखावे?

प्रसंगातून निवेदनाची सगळी वाक्ये काढून फक्त संवाद वाचावेत. ते एखाद्या साध्या खरेदी-विक्रीच्या बोलण्यासारखे वाटायला हवेत, थोडे लांबलेल्या बोलण्यासारखे. संवादच हळवे, अर्धवट आणि टिंबांनी भरलेले असतील, तर पात्रे काही टाळत नसून टाळण्याचा अभिनय करत आहेत. खरोखर टाळणारा माणूस बहुधा वाक्य पूर्ण करतो. फक्त ते दुसऱ्याच विषयाचे असते.

दुसरी खूण तपशिलाची. न बोललेली प्रत्येक गोष्ट लेखकाला एका सरळ वाक्यात कागदावर लिहिता आली पाहिजे: ‘शुभदाने नवऱ्याच्या वस्तू अजून काढलेल्या नाहीत.’ असे वाक्य लिहिता येत नसेल आणि मनात नुसती हुरहुर असेल, तर वाचकापर्यंतही ती धूसरच पोहोचेल. कथा एखाद्या जाणत्या वाचकाला द्यावी आणि ‘आवडली का’ असे न विचारता ‘मिलिंद घरी कोणाबरोबर राहतो?’ असे विचारावे. त्याने अचूक सांगितले आणि ते कोणत्या ओळीवरून कळले हे त्याला चटकन आठवले नाही, तर काम झाले आहे.

दोघांनी आधी फोनवर संदेश पाठवले असतील, तर ही पहिली भेट मानावी का?

मानावी, पण संदेशांची भाषा आणि समोरासमोरची भाषा वेगळी ठेवावी. ‘अजून आहे का?’, ‘शेवटचा भाव काय?’ असे कोरडे लिहिणारा माणूस दारात आल्यावर भावाविषयी बोलतच नाही, यातूनच बरेच साधते.

प्रसंग कोठे संपवावा?

काम पूर्ण झाल्यानंतर दोन-तीन ओळींत, आणि त्या ओळीही कामाच्याच असाव्यात. आपल्या उदाहरणात भाव उरला आहे. जुन्या वस्तूच्या व्यवहारात घेणारा भाव पाडतो, विकणारा चढवतो. येथे ते उलटू शकते:

“तीन म्हणाला होतात ना?” मिलिंदने पाकीट काढलं.
“अडीच द्या. मधली फळी वाकली आहे.”
“फळी चालेल मला. तीनच घ्या.” त्याने नोटा टेबलावर ठेवल्या. “रविवारी छोटा हत्ती घेऊन येतो. दोन माणसं असतील बरोबर.”
“चार आणा. वळणावर जड जातं.” शुभदाने जुडगा मुठीत धरला. “लॉकरची किल्ली काही सापडत नाहीये. रविवारपर्यंत शोधून ठेवते.”
“सावकाश शोधा,” मिलिंद म्हणाला.

जुडग्यात तीनच किल्ल्या आहेत हे वाचकाला माहीत आहे आणि मिलिंदनेही ते पाहिले असावे. शुभदा किल्ली मागे ठेवते ती लॉकर अजून रिकामा केलेला नाही म्हणून, की त्याने पुन्हा बोलावे यासाठी काही शिल्लक असावे म्हणून, हे ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. मघाचे दोन थर या एका किल्लीपाशी एकत्र येतात. तिचे म्हणणे खोटे आहे, पण त्याने मिलिंदचे काही नुकसान होत नाही, उलट रविवारी तिला किल्ली काढून द्यावीच लागणार आहे. अशा ठिकाणी खोटे बोलणे पात्राच्या हिशेबात लहानच असावे. त्याने समोरच्याला फसवले असे झाले, तर वाचकाचे लक्ष ओढीवरून उडून त्या फसवणुकीवर जाईल.

‘सावकाश शोधा’नंतर बहुतेकांना आणखी एक परिच्छेद लिहावासा वाटतो: दार लागल्यावर शुभदा खुर्चीवर बसते, पट्टा हातात घेते, वगैरे. तो परिच्छेद लिहावा, कारण तो लिहिल्याशिवाय पुढच्या रविवारी ती कशी वागेल हे लेखकाला नीट कळत नाही. आणि मग तो कापून वहीत ठेवावा. त्यातला एखादा तपशील पुढच्या प्रकरणात, चार हमालांच्या गडबडीत, चांगला उपयोगी पडतो.